एका फळीवर सुई आणि बॉक्स

चावीच्या ग्रामोफोनमध्ये कर्णा तबकडीच्या डोक्यावरच असायचा. आवाज बाहेर पडण्याची जागा आणि खाचेत फिरणारी सुई यांच्यात जेमतेम हातभर अंतर. तरीही बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची तबकडी लावली म्हणून त्या यंत्राने मधेच 'घूंऽऽ' असा स्वतःचा सूर धरला, असं होत नसे. होणं शक्यच नव्हतं, कारण त्या यंत्रात आवाजाची ताकद वाढवणारं काही नव्हतं. सुई हलली की अभ्रकाचा किंवा धातूचा पडदा हलायचा आणि कर्णा ती हालचाल खोलीतल्या हवेपर्यंत नीट पोचवायचा. त्यातला थोडा आवाज तबकडीकडे परत आला तरी तो मूळ हालचालीपेक्षा कितीतरी कमी असायचा, आणि पुढच्या फेरीत आणखी कमी होऊन विरायचा.

अॅम्प्लिफायर आला आणि ही हमी गेली. आता सुईची सूक्ष्म हालचाल विजेच्या जोरावर हजारो पटींनी वाढून स्पीकरच्या पडद्यापर्यंत जाते. त्यातला एक क्षुद्र हिस्सा जरी फळीतून सुईकडे परतला तरी तो पुन्हा तितक्याच पटींनी वाढतो. कीर्तनाच्या मंडपात माइक बॉक्ससमोर आला की तो शिट्टी मारतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. रेकॉर्ड प्लेअरचा फीडबॅक म्हणजे तेच प्रकरण. फरक इतकाच की माइकची वाट हवेतून जाते म्हणून तो चिरकतो. सुईची वाट बहुधा लाकडातून जाते म्हणून ती खर्जात घुमते. एचएमव्हीच्या जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये स्पीकर सोबतच असूनही ते घुमत नसत, याचं श्रेय मोठ्या हिकमतीला देण्याचं कारण नाही. त्यांचा स्पीकर छोटा, त्यात खर्ज जवळपास नाहीच. ज्या पट्टीत लाकूड हलतं ती पट्टी तो स्पीकर वाजवतच नव्हता.

राजूरला, वणी तालुक्यातल्या कोळसा आणि चुन्याच्या त्या गावात, माझ्या एका मित्राच्या वडिलांकडे हे सगळं एका शोकेसवर पाहायला मिळालं. काका कोलियरीतून निवृत्त झालेले. जुन्या एल.पी.चा गठ्ठा त्यांनी वर्षानुवर्षं जपला होता, आणि मुलाने त्यांना एक बेल्टवर चालणारा टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि सहा इंची वूफरचे दोन बॉक्स आणून दिले होते. हॉलमध्ये भिंतीला टेकून चार फूट रुंदीचा प्लायचा शोकेस होता. मधोमध टर्नटेबल, दोन्ही टोकांना बॉक्स. दिसायला देखणं. काका म्हणाले, "हळू लावलं तं बरं वाजते. आवाज वाढवला का घूं करते. मशीन खराब आली काय रे?"

मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. पण असं नुसतं म्हणून चालत नाही, ते तपासावं लागतं. कारण खालच्या पट्टीतला नको असलेला आवाज तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. एक, विजेचा गुंजारव: अर्थिंग किंवा वायरीमुळे येणारा ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर. दोन, घरघर, म्हणजे ज्याला रंबल म्हणतात ती: मोटर, चाक किंवा बेअरिंगची थरथर सुईपर्यंत पोचते तो आवाज. तीन, फीडबॅक.

हे वेगळे काढायला कोणतंही यंत्र लागत नाही. आधी सुई उचलून ठेवा आणि आवाज वाढवा. सूर तसाच राहिला तर तो विजेचा आहे, फळीशी त्याचा संबंध नाही. मग मोटर बंद ठेवून, तबकडी थांबलेली असताना तिच्यावर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवत जा. काहीच वाजत नाही, काहीच फिरत नाही, तरी एका ठिकाणी बॉक्समधून आपोआप घूं सुरू झाली तर तो निखळ फीडबॅक. इथे एक हात आवाजाच्या नॉबवरच ठेवायचा आणि घूं उठताक्षणी मागे फिरवायचा. ती वाढू दिली तर वूफरचा पडदा त्याच्या मर्यादेबाहेर फेकला जातो, आणि त्यातून स्पीकर जळालेलेही आहेत. शेवटी बॉक्स बंद करून हेडफोनवर तबकडीचा कोरा भाग ऐका. स्पीकरच नाहीत म्हटल्यावर फीडबॅकची वाट तुटलेली असते. आता जी घरघर ऐकू येईल ती मशीनची स्वतःची.

काकांकडे सुई उचलली की सगळं शांत. हेडफोनवर कोरी खाच स्वच्छ. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली आणि नॉब अर्ध्याच्या पुढे गेला, की शोकेस घुमायला लागायचा. आणखी एक गोष्ट तिथेच केली. नॉब अगदी कमी ठेवून, सुई थांबलेल्या तबकडीवर असतानाच फळीवर बोटाने टिचकी मारली. टोकाशी मारलेली टिचकी बॉक्समधून बारीक ऐकू आली. मधल्या भागात, टर्नटेबलच्या जवळ मारलेली तशीच टिचकी 'ठप्प' अशी खोलीभर वाजली. फळी कुठे सर्वांत जास्त हलते ते या टिचकीने कळतं. आणि टर्नटेबल नेमका तिथेच होता.

आता यात किती म्हणजे किती हालचाल होते ते पाहू, कारण आकडे पाहिल्याशिवाय हा प्रकार खरा वाटत नाही. एल.पी.च्या खाचेत मध्यम सप्तकाच्या वरचा, १००० हर्ट्झचा चांगला दणदणीत सूर कोरलेला असतो तेव्हा खाच मधल्या रेषेपासून सुमारे ८ मायक्रॉन इकडेतिकडे जाते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हळुवार आलापी याच्या शंभराव्या भागात मावते. सुईला इतकं बारीक वाचता यावं लागतं, आणि म्हणूनच तिला फळीची हालचालही वाचता येते. खाच हलली की तबकडी हलली, यातला भेद तिला कळत नाही.

त्यात खर्जाची एक खास अडचण आहे. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाचा इतकी रुंद वळणं घेतील की तबकडीवर गाणीच मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वाजवताना फोनो प्रीअॅम्प तो पुन्हा उचलतो. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला ही उचल सातपट असते. गाण्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर जुळतो. पण फळीची थरथर दाबून कोरलेली नसते. तिलाही फुकटात सातपट उचल मिळते.

काकांच्या बॉक्समध्ये सहा इंची वूफर होते. अशा वूफरचा हलणारा भाग साधारण १५ ग्रॅमचा धरू. ५० हर्ट्झच्या सुरावर तो पुढेमागे एक मिलिमीटर जातो असं समजा; हा काही फार मोठा आवाज नव्हे, हॉलमध्ये आरामात ऐकण्याइतका. पडदा पुढे ढकलला गेला की पेटी मागे ढकलली जाते. पेटी सहा किलोची असेल तर ती १५ भागिले ६००० म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग, अडीच मायक्रॉन, मागेपुढे होते. डोळ्यांना दिसणार नाही, हाताला जेमतेम जाणवेल.

हे सगळेच्या सगळे अडीच मायक्रॉन सुईला लागत नाहीत, आणि हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो. टर्नटेबलची तबकडी आणि सुईचा दांडा एकाच भक्कम बैठकीवर असतील आणि दोघे एकत्र, एकाच दिशेने हलले, तर सुईला फारसं काही कळत नाही. तिला कळतो तो दोघांमधला फरक. फळी वाकते, बैठक किंचित कलते, एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त उचलला जातो, तेव्हा तबकडी आणि दांडा वेगवेगळे हलतात. हा फरक एकूण हालचालीच्या दहाव्या भागाइतका धरला तर सुईपर्यंत पाव मायक्रॉन पोचला. ज्या सुराने पडदा एक मिलिमीटर हलला, त्या सुराची खाच ५० हर्ट्झला सुमारे २२ मायक्रॉनची होती असं धरू. म्हणजे परत आलेला भाग मूळ भागाच्या नव्वदाव्या हिश्शाइतका. एवढ्यावर कोणताही प्लेअर घुमणार नाही.

पण फळी ही नुसती वाट नसते. चार फूट मोकळी सोडलेली १८-१९ मिलिमीटर प्लायची फळी खर्जातच स्वतःच्या सुरात झुलते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलं की झोका मोठा होतो, तशी त्या सुरावर फळीची हालचाल दहापट सहज होते. नव्वदावा हिस्सा आता नववा झाला. अॅम्प्लिफायरवर बासचा नॉब वर चढवलेला, किंवा लाउडनेसचं बटण दाबलेलं, म्हणजे आणखी तिप्पट: तिसरा हिस्सा. आणि आवडती बंदिश आली म्हणून आवाज तिपटीने वाढवला, की पूर्ण एक. परत आलेला सूर मूळ सुराइतका झाला. इथून पुढे गाण्याची गरज उरत नाही; सूर स्वतःला पोसतो.

नव्वद, नऊ, तीन, एक. आकडे अंदाजाचे आहेत, पण साखळी खरी आहे, आणि तिच्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली ही की घूं ऐकू येण्याच्या खूप आधी नुकसान सुरू झालेलं असतं. परत येणारा हिस्सा तिसरा असेल तर तो सूर एकऐवजी दीडपट वाजतो. निम्मा असेल तर दुप्पट. घुमत नाही, पण तबल्याच्या डग्ग्यावर हात पडला की घिस्सा नको तितका लांबतो, तंबोरा गढूळ होतो, पखवाजाचा एकच बोल फुगतो. अनेक जण यालाच रेकॉर्डचा 'गरम' आवाज म्हणून नावाजतात. त्यातला बराच भाग शोकेसचा असतो असं माझं मत आहे. दुसरी गोष्ट अशी की साखळीतली कोणतीही कडी तोडली तरी चालतं. म्हणून सगळ्यात स्वस्त कडी आधी तोडावी.

काकांकडे ती लाउडनेसची होती. बटण बंद केलं, बास मधोमध आणला, खर्च शून्य. नॉब आणखी थोडा पुढे गेला. मग बॉक्स शोकेसवरून उतरवून जमिनीवर, स्टुलांवर ठेवले. कोलियरीच्या त्या भागातल्या बैठ्या घरांमध्ये फरशी थेट जमिनीवर बसवलेली असते, खाली पोकळी नाही. अशी फरशी स्पीकरच्या धक्क्याने हलत नाही, चालणाऱ्याच्या पावलानेही नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा लाकडी माडीवर ही चैन मिळत नाही. बॉक्स उतरवल्यावर थांबलेल्या तबकडीची तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा नॉब इतका पुढे गेला की तेवढ्या आवाजात त्या हॉलमध्ये कोणी गाणं ऐकत बसणार नाही.

प्रश्न इथेच संपला असता. पण घरात नातवंडं रांगत होती, आणि काकू स्पष्ट म्हणाल्या, "बॉक्स खाली नाही ठेवाचे. पोट्टे बोटं घालतेत त्याच्यात." त्यांचं म्हणणं रास्त होतं. अशा वेळी बॉक्स वर राहू द्यावेत आणि टर्नटेबलने घर बदलावं.

त्यासाठी जुन्या घरात सर्वांत चांगली जागा म्हणजे कोनाडा. दीड-दोन फूट जाड भिंतीतला दगडामातीचा किंवा विटांचा कोनाडा, तळाशी फरशी. त्याला हलवायचं तर अख्खी भिंत हलवावी लागेल. काकांच्या घराच्या भिंती नऊ इंची विटांच्या, कोनाडा नव्हता. तिथे लोखंडी ब्रॅकेट भिंतीत घट्ट बसवून त्यावर कडप्प्याची लादी ठेवली. लादी मोठी लागत नाही. टर्नटेबलच्या पायांपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं जास्त पुरे. पंचेचाळीस सेंटिमीटर बाय पस्तीस, जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे वजन दहा-साडेदहा किलो. ब्रॅकेट चांगले, प्लग खोल, आणि पापुद्रे सुटलेल्या प्लास्टरमध्ये नव्हे तर विटेत गेलेले हवेत. पोकळ किंवा अर्ध्या विटेच्या आडभिंतीवर हे करू नये. ती भिंत स्वतःच ढोलासारखी वाजते, आणि दहा किलोची लादी अंगावर येण्याची भीती वेगळीच.

ही फळी भिंतीवर कुठे ठोकायची हेही पाहावं लागतं, कारण लाकडातली वाट तुटल्यावर हवेतली वाट उरते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत ४९ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतींमध्ये अडकून राहतो. त्याचा दाब समोरासमोरच्या दोन टोकांना सर्वांत जास्त असतो आणि मध्यावर जवळजवळ नसतो. कोपऱ्यात तर लांबी आणि रुंदी दोन्हींचा दाब एकवटतो. म्हणून टर्नटेबलसाठी कोपरा सर्वांत वाईट, आणि लांब भिंतीचा मध्य त्या मानाने बरा. प्लास्टिकचं झाकणही हवेतला खर्ज पकडतं आणि बैठकीला देतं. ते बिजागऱ्यांवर उघडं उभं ठेवून ऐकण्यापेक्षा उचलून बाजूला ठेवावं; निदान चाचणी दोन्ही प्रकारे घ्यावी.

शोकेसच ठेवायचा असेल, दुसरा मार्गच नसेल, तरी काही करता येतं. मोकळ्या फळीच्या मधोमध, खालच्या तळापर्यंत एक उभा टेकू द्यायचा. फळीची मोकळी लांबी निम्मी झाली की तिचा झुलण्याचा सूर चौपट वर जातो. तो नाहीसा होत नाही, पण खर्जाच्या गड्ड्यातून बाहेर पडतो आणि प्रीअॅम्पची उचल वर कमी होत जाते. शिवाय टर्नटेबल टेकूच्या बरोबर डोक्यावर आला म्हणजे तो आता फळीच्या सर्वांत कमी हलणाऱ्या जागी आहे.

आणि मग मऊ पाय. इथे बाजारात आणि सल्ल्यांत सर्वांत जास्त गोंधळ आहे. 'खाली रबर टाका' असं सगळे सांगतात. किती मऊ रबर, हे कोणी सांगत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. वजन ठेवल्यावर मऊ आधार किती दबला, यावरून त्याचा स्वतःचा सूर कळतो. एक मिलिमीटर दबला तर सुमारे १६ हर्ट्झ. चार मिलिमीटरला ८. दहा मिलिमीटरला ५. अडीच सेंटिमीटरला ३. आधार आपल्या सुराच्या दीडपटीपेक्षा वरचे धक्के अडवतो. त्याच्या सुराजवळचे धक्के मात्र उलट वाढवतो. कडक, पातळ रबराची चकती टर्नटेबलखाली मिलिमीटरचा दहावा भाग दबली, तर तिचा सूर ५० हर्ट्झ. म्हणजे ज्या घूंपासून सुटका हवी, नेमकी तीच ती वाढवणार. अशी चकती टाकून 'फरक पडला नाही, उलट बिघडलं' म्हणणारे खरंच सांगत असतात. एक मिलिमीटर दबणारा आधार ५० हर्ट्झची थरथर नवव्या हिश्शावर आणतो. दहा मिलिमीटर दबणारा, कागदावर तरी, शंभराव्या हिश्शावर. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, कारण रबर आणि फोम थरथरीला हळू दाबापेक्षा जास्त कडक वाटतात. तरी दिशा तीच.

मोजायला घरातली पट्टी पुरते. टर्नटेबल ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर आधाराची उंची मोजायची. मुलांच्या छोट्या सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून लादीखाली ठेवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. हवा कमी-जास्त करून हवा तितका मऊपणा मिळतो. हवा थोडी थोडी उतरत असल्यामुळे लादी समतळ आहे का ते महिन्यातून एकदा पाहायचं. कडप्पा आणि ट्यूब ही जोडी म्हणून चालते. नुसता दगड थेट प्लायवर ठेवला तर जडपणा वाढतो, फळी आणखी वाकते, वाट मात्र तशीच राहते.

मग जितकं मऊ तितकं चांगलं का? नाही. दांडा आणि सुईचा लवचिकपणा मिळून त्यांचाही एक सूर असतो, आणि चांगल्या जुळणीत तो ८ ते १२ हर्ट्झच्या मधे पडतो. चार मिलिमीटर दबणारा आधार बरोबर तिथे येऊन बसतो. मग वाकडी तबकडी लावली की वूफरचा पडदा आवाज न करता पुढेमागे धापा टाकताना दिसतो. दुसरीकडे २-३ हर्ट्झवर, म्हणजे साधारण चालण्याच्या लयीत, आधार आला तर पावलागणिक टर्नटेबल डोलतो. हलत्या मजल्यावर ते अडचणीचं. राजूरच्या त्या बैठ्या घरात पावलांची भीती नव्हती, म्हणून ५ हर्ट्झच्या खाली जायला हरकत नव्हती. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये अॅकॉस्टिक रिसर्चसाठी केलेल्या टर्नटेबलमध्ये हाच विचार मशीनच्या आत नेला होता: तबकडी आणि दांडा एकाच चौकटीवर जोडलेले, आणि ती चौकट मऊ स्प्रिंगांवर टांगलेली. दोघे एकत्र हलले तर सुईला कळत नाही आणि वरचे धक्के स्प्रिंग अडवते, या दोन्ही गोष्टी एकाच रचनेत साधल्या. अशा टर्नटेबलखाली आणखी ट्यूब घालू नये. दोन मऊ आधार एकावर एक आले की कोण कोणाला हलवतंय ते कळेनासं होतं. त्याला भक्कम भिंतच हवी.

बॉक्स आणि टर्नटेबल एकाच फळीवरच राहणार असतील तर बॉक्सखालीही पाच-सहा मिलिमीटर दबेल असा फोम द्यावा. टोकदार खिळ्यांचे पाय, जे महागड्या बॉक्सबरोबर मिळतात, ते अशा ठिकाणी काढून ठेवावेत. खिळा पेटीला फळीशी घट्ट जोडतो. इथे नेमकं ते नको आहे.

उरली खरी घरघर, हेडफोनवरही ऐकू येणारी. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी चार ध्रुवांची मोटर सेकंदाला सुमारे पंचवीस फेऱ्या घेते, म्हणून तिच्या थरथरीत २५ हर्ट्झचा सूर असतो. जुन्या प्लेअरमध्ये मोटर आणि तबकडीच्या मधे रबरी चाक असतं. ते चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्यावर खड्डा पडतो किंवा रबर दगडासारखं होतं, आणि मोटरची थरथर सरळ तबकडीत जाते. बेल्टच्या प्लेअरमध्ये ही वाट कमकुवत असते. तिथे संशय आधी तबकडीच्या मधल्या बेअरिंगवर घ्यावा. राजूरसारख्या, कोळशाची आणि चुन्याची बारीक पूड हवेत असलेल्या गावात बेअरिंगमधलं तेल लवकर गढूळ होतं. तबकडी उचलून दांडी आणि भोक स्पिरिटने पुसावं, कोरडं करावं आणि स्वच्छ पातळ मशीन तेलाचे एकदोन थेंब टाकावेत, जास्त नाही. हे फळीशी जोडूनच आलं, कारण मशीनची स्वतःची घरघर स्पीकरमधून फळीत उतरते आणि फळीचा सूर जवळपास असेल तर फुगून परत येते. म्हणून बॉक्स हलवल्यावर कधीकधी घरघरही कमी झाल्यासारखी वाटते. हेडफोनवरची चाचणी हा भ्रम दूर करते.

एक गोष्ट कोणत्याही फळीने सुटत नाही. वणी परिसरात उकणी, जुनाड, कोलार पिंपरी अशा उघड्या खाणी आहेत आणि उघड्या खाणीत ब्लास्टिंग होतं. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, खाणीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांपाशी जमिनीच्या थरथरीचा वेग ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झच्या दरम्यान १० मिलिमीटर आणि त्यावर १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. घर सुरक्षित राहावं म्हणून ठरवलेल्या या मर्यादा आहेत. पण ५० हर्ट्झच्या मोठ्या सुराच्या खाचेचा वेगही सेकंदाला ७ मिलिमीटरच्या आसपासच असतो. म्हणजे भिंतीला तडा न पाडणारा धक्काही सुईच्या हिशेबात गाण्याएवढा मोठा असू शकतो, आणि त्याचा सूर बहुधा ट्यूबच्या किंवा दांड्याच्या सुराच्या आसपासचा, जिथे मऊ आधार अडवण्याऐवजी झोका देतो. काकांनी यावर स्वतःच तोड काढली आहे. ब्लास्टिंगची वेळ त्यांना नोकरीपासून पाठ आहे; तेवढ्यापुरती ते सुई उचलून ठेवतात आणि तबकडीची बाजू पालटून घेतात.